लिटरेचर रिव्ह्यू लेखकांच्या रांगेतून काढून थीमवर कसा आणायचा: बीटी कापसाच्या थिसीसवरून

नागपुरात पीएचडी करणाऱ्या पोरापोरींचा दुसरा चॅप्टर गाईडकडून परत येतो तेव्हा त्यावर बहुतेक एकच शेरा असतो, "थीमॅटिक करून आणा". मग काय होतं, तर तोच चॅप्टर उघडायचा, मध्ये चार हेडिंग टाकायची, प्रत्येक हेडिंगखाली जुनेच पॅराग्राफ कट-पेस्ट करायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा मेल करायचा. तो परत तसाच येतो, कारण हेडिंग बदलली तरी आतमध्ये अजून अमुक यांनी 2003 मध्ये हे म्हटलं, तमुक यांनी 2011 मध्ये ते म्हटलं, अशीच रांग लागलेली असते.

लेखकवार लिहिलेल्या रिव्ह्यूतून थीमवार रिव्ह्यू थेट बनत नाही, मध्ये मॅट्रिक्स लागतो, म्हणजे एका रोमध्ये एक पेपर आणि एका कॉलममध्ये एक थीम असा तक्ता. आणि मॅट्रिक्स तुमच्या जुन्या पॅराग्राफवरून भरायचा नाही, मूळ पेपरवरून भरायचा, हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. म्हणून खाली स्टेप्स ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा.

उदाहरण एकच घेतोय. समजा विषय आहे, बीटी कापसामुळे काटोल आणि कळमेश्वर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पडणारा पैसा वाढला का. या विषयावरचे पेपर एकमेकांशी सरळसरळ भांडतात, त्यामुळे मॅट्रिक्स नेमकं काय काम करतो ते इथे स्पष्ट दिसतं.

## 1. आधीची तयारी: जुन्या चॅप्टरला हात लावायच्या आधी

जुन्या फाईलची कॉपी करून बाजूला ठेवा आणि मूळ फाईल लॉक झाली असं समजा. आता कॉपीतल्या प्रत्येक पॅराग्राफला नंबर द्या आणि प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा, हा पॅराग्राफ काय सांगतो. "काइम आणि झिलबरमनबद्दल आहे" हे उत्तर चालणार नाही. "चाचणीच्या प्लॉटवर उत्पादन खूप वाढलं" असं उत्तर पाहिजे. हे करताना अर्ध्याहून जास्त पॅराग्राफना लेखकाच्या नावापलीकडे काही लिहिता येत नाही असं लक्षात येतं, कारण ते पेपरच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं मराठी असतात. त्या पॅराग्राफवर लाल खूण करा, त्यांचे मूळ पेपर पुन्हा उघडावे लागणार आहेत.

मग पेपरचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात तुमच्या प्रश्नावर स्वतः पुरावा देणारे पेपर, म्हणजे ज्यांच्याकडे शेताचा, घराचा, गावाचा किंवा देशाचा डेटा आहे. दुसऱ्या ढिगात पार्श्वभूमी, म्हणजे कापसाचा इतिहास, 2002 ची परवानगी, सरकारी धोरण, जिल्ह्याची माहिती. दुसरा ढीग मॅट्रिक्समध्ये येत नाही, तो पहिल्या चॅप्टरमध्ये किंवा रिव्ह्यूच्या सुरुवातीच्या एका पानात जातो. साठ सोर्स असतील तर मॅट्रिक्समध्ये वीस-पंचवीसच उरतात. घाबरू नका, सगळे साठ भरायला बसलात तर तिसऱ्या आठवड्यात काम सुटतं.

सावधान: एकाच डेटावर दोन पेपर असतात. काथागे आणि काइम (2012) आणि काइम आणि कौसर (2013) हे दोन्ही पेपर 2002 ते 2008 या काळातल्या एकाच घरोघरच्या सर्व्हेवर उभे आहेत, पहिला नफ्याबद्दल बोलतो आणि दुसरा अन्नसुरक्षेबद्दल. "दोन स्वतंत्र अभ्यासांनी हे दाखवलं" असं लिहिलंत आणि व्हायवाला बसलेल्या परीक्षकाला हे माहीत असलं तर पुढचे प्रश्न अवघड जातात. म्हणून अशा पेपरच्या रो एकाखाली एक ठेवा आणि दोन्हींना एकच रंग द्या.

## 2. थीम ठरवणं: नाव नको, प्रश्न पाहिजे

इथे घाई करू नका. बहुतेक जण थीम म्हणून एकेक शब्द लिहितात: उत्पादन, खर्च, कीड, उत्पन्न, सामाजिक परिणाम. ही तर पाटावरच्या डब्यांवरची लेबलं झाली, डब्यात काहीही भरता येतं. "खर्च" या थीमखाली बियाण्याची किंमतही बसते, मजुरीही बसते आणि सावकाराचं व्याजही बसतं, आणि मग त्या कॉलममधले दोन सेल एकमेकांशी बोलतच नाहीत.

थीम अशी पाहिजे की तिच्यावर दोन पेपर वेगवेगळं उत्तर देऊ शकतील. म्हणून ती प्रश्नाच्या रूपात लिहा. आपल्या उदाहरणात अशा चार निघतात:

- एकरी उत्पादन वाढलं ते बीटीमुळेच वाढलं का?
- फवारणी घटली का, आणि घटली तर टिकली का?
- पाण्याची सोय नसलेल्या शेतात बियाण्याचा जास्तीचा खर्च वसूल होतो का?
- बीटी घेणारे शेतकरी मुळातच जास्त हुशार किंवा जास्त सोय असलेले होते का?

चौथा प्रश्न पहिल्यांदा कुणाच्याच यादीत नसतो. तो पेपर वाचताना सापडतो, कारण क्रॉस्ट आणि सहकारी (2007) यांचा पूर्ण पेपर त्यावरच आहे: जे शेतकरी आधीपासून कार्यक्षम होते त्यांनीच बीटी लवकर घेतलं, म्हणून साधी तुलना केली की फायदा फुगून दिसतो. एकदा हा कॉलम आला की बाकी पेपरना हाच प्रश्न विचारता येतो, तुम्ही याचं काय केलं? म्हणून सुरुवातीला तीन-चार थीम घ्या, पाच-सहा पेपर भरा, मग थांबून कॉलम दुरुस्त करा. पंचवीस पेपर भरून झाल्यावर कॉलम बदलायचा म्हणजे पंचवीस पेपर पुन्हा उघडायचे.

थीम सहाच्या वर नेऊ नका. आठ-नऊ झाल्या की त्यातल्या दोन-तीन एकमेकींच्या पोटात असतात.

तपासा: प्रत्येक थीमचा प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसमधल्या एखाद्या ऑब्जेक्टिव्हला भिडतो का? भिडत नसेल तर तो कितीही रंजक असला तरी काढा. महिला मजुरांवर झालेला परिणाम हा मोठा विषय आहे, पण तुमचा डेटा त्यावर काही गोळा करणार नसेल तर रिव्ह्यूत त्याला कॉलम देऊ नका.

## 3. शीट बनवणं

एक्सेल किंवा लिबरऑफिस काहीही चालेल. एक रो म्हणजे एक पेपर, एक कॉलम म्हणजे एक थीम. उलटं करू नका, म्हणजे पेपर आडवे आणि थीम उभ्या नको, कारण पेपर वाढत जातात आणि शीट उजवीकडे पळत सुटते. वरची रो आणि डावा कॉलम `Freeze Panes` करून टाका, सेलना `Wrap Text` द्या.

थीमच्या कॉलमच्या आधी चार कॉलम असे ठेवा: पेपर, डेटा कोणत्या वर्षांचा, डेटा कुठला, आणि एकक. एकक म्हणजे मोजणी कशाची केली, प्लॉटची, घराची, गावाची की अख्ख्या देशाची. हे चार कॉलम कंटाळवाणे वाटतात म्हणून लोक वगळतात आणि नंतर सगळा गोंधळ तिथूनच होतो.

यातही डेटाचं वर्ष आणि छापल्याचं वर्ष वेगळं लिहा. स्टोन (2011) असं नाव असलं तरी डेटा वारंगळच्या चार गावांतला 2003 ते 2007 चा आहे. काइम आणि झिलबरमन (2003) चा डेटा तर 2001 च्या चाचण्यांचा, म्हणजे भारतात बीटीला परवानगी मिळायच्या आधीच्या हंगामाचा. लेखकवार रिव्ह्यू छापल्याच्या वर्षाने लावलेला असतो, पण शेतात काय घडलं त्याचा क्रम डेटाच्या वर्षाने कळतो.

## 4. सेल भरणं

आता पेपर उघडा. पुन्हा सांगतो, पेपर उघडा, तुमचा जुना पॅराग्राफ नाही.

एका सेलमध्ये तीन गोष्टी पाहिजेत: उत्तर काय दिलं, कोणत्या अटीत दिलं, आणि पान नंबर. बस. वीस शब्दांच्या वर गेलात तर तुम्ही सारांश लिहायला लागलात. पान नंबर नसलेला सेल रिकामाच धरायचा, कारण लिहायला बसाल तेव्हा तो आकडा कुठून आला हे आठवणार नाही आणि पुन्हा पूर्ण पीडीएफ चाळत बसावं लागेल.

फवारणीच्या कॉलमचा एक सेल दोन पद्धतीने भरून बघू. वाईट सेल असा असतो: "फवारणी कमी झाली." चांगला सेल असा: "फवारण्यांची संख्या 55 टक्के घटली, पण बोंडअळी सोडून इतर किडी वाढत होत्या, पान अमुक." दुसऱ्या सेलमध्ये तो "पण" आहे ना, पुढे सगळा पॅराग्राफ त्यावर उभा राहणार आहे.

रिकाम्या सेलची तीन कारणं असतात आणि तिघांना तीन खुणा द्या. पेपरने हा मुद्दा घेतलाच नाही, तिथे आडवी रेघ. तुम्ही अजून तपासलं नाही, तिथे प्रश्नचिन्ह. मुद्दा त्या पेपरला लागूच होत नाही, तिथे "लागू नाही". हे न करता सगळं कोरं सोडलं की महिन्याभराने कोरे सेल बघून विद्यार्थी "या विषयावर संशोधन झालेलंच नाही" असं लिहून मोकळे होतात, आणि प्रत्यक्षात त्यांनी त्या पेपरचा चौथा टेबल उघडून पाहिलेला नसतो.

चार पेपर भरल्यावर आपलं शीट साधारण असं दिसतं (जागेसाठी इथे पान नंबर आणि चौथ्या थीमचा कॉलम गाळला आहे, आणि कुठला व एकक हे एकाच कॉलममध्ये घेतलं आहे, तुमच्या शीटमध्ये हे सगळं वेगवेगळं पाहिजेच):

| पेपर | डेटाची वर्षं | कुठला, एकक | उत्पादन बीटीमुळेच? | फवारणी घटली, टिकली? | कोरडवाहूत वसूल? |
|---|---|---|---|---|---|
| काइम, झिलबरमन 2003 | 2001 | तीन राज्यं, चाचणीचे प्लॉट | सुमारे 80 टक्के जास्त. बोंडअळीचा जोर असलेला हंगाम | कीटकनाशकाचं प्रमाण सुमारे 70 टक्के कमी |? |
| स्टोन 2011 | 2003–2007 | वारंगळ, चार गावं | गावाचं उत्पादन 18 टक्के वाढलं | फवारण्या 55 टक्के घटल्या. इतर किडी वाढत्या |? |
| काथागे, काइम 2012 | 2002–2008 | चार राज्यं, तीच घरं पुन्हा पुन्हा | एकरी 24 टक्के जास्त. नफा 50 टक्के जास्त |? | ? |
| क्रांती, स्टोन 2020 | जवळपास 20 वर्षं | अख्खा देश | वाढ बीटीच्या प्रसाराशी जुळत नाही. खत वगैरे कारणं | सुरुवातीला घट. आता खर्च बीटीपूर्व काळापेक्षा जास्त |? |

शेवटच्या कॉलममधली सगळी प्रश्नचिन्हं मुद्दाम ठेवली आहेत. भरायला बसलेल्या माणसाचं शीट पहिल्या फेरीनंतर असंच असतं, आणि दुसरी फेरी म्हणजे त्या प्रत्येक प्रश्नचिन्हासाठी पेपर उघडून तिथे रेघ किंवा उत्तर टाकणं.

सावधान: ओळखीच्या नावाला जास्त वजन देऊ नका. केशव क्रांती हे नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक, त्यामुळे इकडच्या थिसीसमध्ये 2020 चा पेपर शेवटचा शब्द म्हणून येतो. पेपर महत्त्वाचा आहेच, पण तो देशपातळीच्या आकड्यांवर बोलतो आणि तुम्ही दोन तालुक्यांच्या शेतावर. सेलमध्ये त्याचीही अट तितक्याच काटेकोरपणे लिहा.

## 5. कॉलम वरून खाली वाचणं

शीट भरलं की आपण आडवं वाचत बसतो, एकेक पेपर, आणि मग पुन्हा लेखकवार लिहायला लागतो. म्हणून सीताबर्डीत कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ए3 वर आडवी प्रिंट काढा आणि एक कोरा कागद असा धरा की एका वेळी डावीकडचे चार कॉलम आणि फक्त एकच थीम दिसेल. आता वरून खाली या.

फवारणीचा कॉलम आधी छापल्याच्या वर्षाने लावलेला असेल तर तो नुसता वाद वाटतो, एक म्हणतो घटली, दुसरा म्हणतो वाढली. आता शीट डेटाच्या वर्षाने `Sort` करा. 2001 मध्ये मोठी घट, 2003 ते 2007 मध्ये घट पण इतर किडी डोकं वर काढताना, आणि पुढच्या दशकाचा हिशोब आल्यावर खर्च आधीपेक्षा जास्त, ज्याचं कारण म्हणून गुलाबी बोंडअळीत आलेली प्रतिकारशक्ती आणि इतर किडी दिलेल्या. म्हणजे लेखकांमध्ये मुळात भांडण नाहीच, ते एकाच गोष्टीचे वेगवेगळे टप्पे बघत होते. हे वाक्य कुठल्याच एका पेपरमध्ये या रूपात नाही, ते कॉलम खाली वाचल्यावर तुमच्याकडे आलं. गाईड "सिंथेसिस कुठे आहे" म्हणतात तेव्हा त्यांना असं वाक्य पाहिजे असतं.

अजून एक गोष्ट याच कॉलममध्ये दिसते. एकाने कीटकनाशकाचं प्रमाण मोजलं, दुसऱ्याने फवारण्यांची संख्या, तिसऱ्याने खर्च. 70 आणि 55 हे आकडे एकाखाली एक आले म्हणून "घट 70 वरून 55 वर आली" असं लिहायचं नाही, ती दोन वेगळी मोजमापं आहेत. शेतकरी कमी वेळा फवारूनही महागडं औषध वापरू शकतो.

आता उत्पादनाचा कॉलम. 80, 18, 24, आणि एक पेपर म्हणतो श्रेयच देता येत नाही. इथे डेटाच्या वर्षाने लावून पूर्ण उत्तर मिळत नाही, इथे एककाचा कॉलम कामाला येतो. 80 हा आकडा चाचणीच्या प्लॉटवरचा, शेजारी त्याच हायब्रिडचं बिगरबीटी रूप लावलेलं, आणि बोंडअळीने जोर केलेला हंगाम. कीड जितकी जास्त तितका कीडरोधक बियाण्याचा फायदा मोठा दिसणार. 24 हा त्याच घरांना अनेक वर्षं पुन्हा पुन्हा भेटून काढलेला, म्हणून त्यात शेतकऱ्याच्या हुशारीचा वाटा बराचसा वजा झालेला. आणि देशपातळीवर बघितलं की त्याच वर्षांत खत वाढलं, सिंचन वाढलं, नवी कीटकनाशकं आली, मग बीटीचा वाटा वेगळा काढणं अवघड. क्रॉस्ट आणि सहकारी इथे दुवा जोडतात: निवडीचा परिणाम काढल्यावर फायदा कमी होतो, पण शून्य होत नाही, आणि बियाण्याच्या जास्तीच्या किमतीपेक्षा तो मोठाच राहतो असं ते दाखवतात.

सावधान: या आकड्यांची सरासरी काढू नका. प्लॉट, घर, गाव आणि देश यांची सरासरी काढून "साधारण 40 टक्के वाढ" लिहिलेले थिसीस असतात, त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

प्रत्येक कॉलमच्या तळाशी एक रो जोडा आणि तिथे स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यं लिहा: एकमत कुठे आहे, आणि मतभेद असेल तर कशामुळे. कारण लिहिता आलं नाही तर "कारण सापडलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहा, पण आधी डावीकडचे चार कॉलम पुन्हा बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच दडलेलं असतं.

## 6. गॅप काढणं

आता कोरडवाहूचा कॉलम. दुसऱ्या फेरीत प्रश्नचिन्हं गेली की तिथे बऱ्याच रेघा येतात. तरी लगेच "संशोधनाचा अभाव" लिहू नका. आधी त्या एकाच प्रश्नासाठी नव्याने शोध घ्या, कारण तुमचे पेपर तुम्ही बीटी या शब्दाने शोधले होते, कोरडवाहू या शब्दाने नाही. असा शोध घेतला की रोमेउ-दाल्माउ आणि सहकारी (2015) सापडतात, ज्यांनी महाराष्ट्रातल्या कोरडवाहू परिस्थितीत देशी कापूस आणि बीटी यांची तुलना केली आणि देशी कापसाचा खर्च कमी असल्याने हातात येणारा पैसा जवळपास सारखाच निघतो असं दाखवलं. म्हणजे कॉलम पूर्ण रिकामा नव्हता, आपणच चुकीच्या दाराने आत गेलो होतो. शोधगंगावर आपल्याच विद्यापीठाचे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे थिसीसही याच वेळी बघून घ्या, परीक्षक ते आधी विचारतो.

यानंतर जी गॅप उरते ती छोटी असते आणि म्हणूनच टिकते. "विदर्भात बीटी कापसावर अभ्यास नाही" हे खोटं आहे. "इथे घेतलेल्या पेपरमध्ये गुलाबी बोंडअळीच्या प्रतिकारशक्तीनंतरच्या हंगामांत, कोरडवाहू शेताचा, घरपातळीवरचा नफा वेगळा काढलेला दिसत नाही" असं म्हणायचं असेल तर शीटमधल्या तीन कॉलमवर बोट ठेवून ते दाखवता आलं पाहिजे: डेटाची वर्षं, एकक आणि कोरडवाहू. तिन्ही अटी एकत्र पूर्ण करणारी रो आहे का ते `Filter` लावून बघा. एखादी रो निघाली तर गॅप त्या पेपरपासून पुढे सुरू होते, त्या पेपरला टाळून नाही.

## 7. लिहिणं

इथपर्यंत जुना चॅप्टर उघडायचा नाही. कोऱ्या फाईलमध्ये शीटच्या तळाच्या रोमधली वाक्यं एकाखाली एक टाका, तीच तुमच्या पॅराग्राफची पहिली वाक्यं. थीमचा क्रम तुमच्या युक्तिवादाने ठरवा. आपल्याकडे तो असा लागतो: आधी तुलना कशी केली जाते हा प्रश्न, कारण तो समजल्याशिवाय उत्पादनाचे आकडे कळत नाहीत, मग उत्पादन, मग फवारणी, आणि शेवटी कोरडवाहू नफा, जिथे गॅप बसते.

जुन्या चॅप्टरमध्ये फवारणीबद्दल असं काहीतरी होतं:

> काइम आणि झिलबरमन (2003) यांनी बीटी कापसाचा अभ्यास केला. त्यांना कीटकनाशकाचा वापर सुमारे 70 टक्के कमी झाल्याचे आढळले. स्टोन (2011) यांनी वारंगळ जिल्ह्याचा अभ्यास केला. त्यांना फवारण्या 55 टक्के कमी झाल्याचे आढळले. तर क्रांती आणि स्टोन (2020) यांच्या मते खर्च वाढला आहे.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी वाचणाऱ्याला फवारणीचं काय झालं ते कळत नाही. मॅट्रिक्सनंतर तोच मजकूर असा येतो:

> बीटीमुळे फवारणी घटली का, याचे उत्तर डेटा कोणत्या हंगामांचा आहे यानुसार बदलते. परवानगीपूर्वीच्या 2001 च्या चाचण्यांत कीटकनाशकाचे प्रमाण सुमारे 70 टक्के कमी होते (काइम आणि झिलबरमन, 2003), आणि वारंगळच्या गावांत 2003 ते 2007 दरम्यान फवारण्यांची संख्या 55 टक्क्यांनी घटली, मात्र तेव्हाच बोंडअळीव्यतिरिक्त इतर किडी वाढू लागल्याची नोंद आहे (स्टोन, 2011). दीर्घकालीन राष्ट्रीय आकडेवारीत हा फायदा टिकलेला दिसत नाही. गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती आणि इतर किडी यांमुळे कीटकनाशकांवरील खर्च बीटीपूर्व पातळीच्याही वर गेला आहे (क्रांती आणि स्टोन, 2020). प्रमाण, संख्या आणि खर्च ही तीन वेगळी मोजमापे असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. म्हणून प्रस्तुत अभ्यासात तिन्हींची नोंद प्रत्येक हंगामासाठी स्वतंत्रपणे घेतली आहे.

लेखकांची नावं कंसात गेली, वाक्याचा कर्ता आता फवारणी झाली. आणि शेवटचं वाक्य बघा, रिव्ह्यूतून निघून ते सरळ तुमच्या प्रश्नावलीत शिरतं. प्रत्येक थीमच्या शेवटी असं एक वाक्य येत नसेल तर ती थीम रिव्ह्यूत काहून आहे हे स्वतःला विचारा.

एकच पेपर तीन थीममध्ये आला तर येऊ द्या, तो प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर देतोय. फक्त त्याची ओळख, म्हणजे कुठला डेटा, किती काळाचा, ही पहिल्यांदा येतो तिथेच द्या. आणि एखाद्या पेपरवर अख्खा पॅराग्राफ लिहावासा वाटला तर तेही चालतं, जर त्या पेपरमुळे सगळ्या कॉलमचा अर्थ बदलत असेल. आपल्याकडे क्रॉस्ट आणि सहकारी यांना तो मान आहे, बाकी कुणाला नाही.

"तसेच", "याउलट", "दुसरीकडे" हे शब्द लिहाल तिथे थांबा. "याउलट" लिहिलं की त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात उलट कशामुळे ते आलंच पाहिजे, नाहीतर ती जुनीच रांग, फक्त मध्ये गोंद लावलेला.

## 8. गाईडकडे पाठवायच्या आधी

नवीन चॅप्टरची प्रिंट काढून प्रत्येक पॅराग्राफचं पहिलं वाक्यच तेवढं वाचा. ती सलग वाचून युक्तिवाद कळला पाहिजे. जिथे पहिला शब्द आडनाव आहे तो पॅराग्राफ पुन्हा शीटच्या तळाच्या रोकडे न्या.

मग आता जुना चॅप्टर उघडा, नंबर दिलेली ती कॉपी, आणि त्यातला कोणता मुद्दा नवीन चॅप्टरमध्ये आला नाही ते बघा. काही मुद्दे मुद्दाम गळाले असतील, ते जाऊ द्या. पण एखादी अट किंवा अपवाद चुकून सुटला असेल तर तो आधी शीटमध्ये टाका आणि मगच मजकुरात घ्या, नाहीतर शीट आणि चॅप्टर वेगळं बोलायला लागतात. त्यानंतर नवीन चॅप्टरमधलं प्रत्येक नाव आणि वर्ष संदर्भसूचीशी जुळवा, आणि उलटंही करा, कारण पार्श्वभूमीचा ढीग हलवल्यावर सूचीत अशी आठ-दहा नावं उरतात जी मजकुरात कुठेच नसतात.

चॅप्टरसोबत मॅट्रिक्सची शीटही गाईडला पाठवा. आरएसीच्या मीटिंगमध्ये "हा पेपर का नाही घेतला" असं कुणी विचारलं तर शीट उघडून तो कोणत्या ढिगात आहे आणि का, ते तिथल्या तिथे दाखवता येतं. मीटिंगमध्ये नवीन पेपर सुचवला गेला तर त्याच दिवशी त्याची एक रो जोडा, सेल भरा, आणि तळाच्या रोमधलं वाक्य बदलतंय का ते बघा. वाक्य बदलत नसेल तर पेपरचं नाव कंसात जोडलं की झालं, आणि बदलत असेल तर तो पॅराग्राफ पहिल्या वाक्यापासून नव्याने लिहावा लागेल.